मायना, मजकूर आणि मधले रिकामे वाक्य

आपल्या पेढ्यांवरून रोज जाणाऱ्या इंग्रजी ई-मेलांपैकी कोणतेही दहा उघडून पाहावेत. त्यांतील बहुतेकांचे पहिले वाक्य एकच असते : ‘आय होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल.’ हे पत्र आपणांस सुखरूप गाठो, असा त्याचा भावार्थ. वसुलीच्या पत्रात ते असते, भाव विचारणाऱ्या पत्रात असते, माल परत पाठवीत असल्याची बातमी देणाऱ्या पत्रातही असते. ज्यांनी ते लिहिले त्यांना विचारावे, की या वाक्याचे उत्तर आजवर कोणी दिले आहे काय? ‘होय, आम्ही सुखरूप आहोत, काल जरा ताप होता’ असे प्रत्युत्तर कोणत्याही खरेदी विभागाकडून आल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. उत्तराची अपेक्षा लिहिणाऱ्यालाही नसते आणि वाचणाऱ्यालाही नसते. मग हे वाक्य तेथे काय करते, याचा थोडा विचार या वेळी करू.

प्रथम एक भेद स्पष्ट करावा लागेल. पत्राचा मायना वेगळा आणि पहिले वाक्य वेगळे. ‘जय जिनेंद्र’, ‘सप्रेम नमस्कार’, ‘आदरणीय शेठजी’ हा मायना झाला. समोरच्या माणसाला आपण कोणत्या नात्याने हाक मारतो हे त्यातून कळते आणि तो असलाच पाहिजे. माझा आक्षेप मायन्यावर नाही. मायना संपल्यानंतर आणि मजकूर सुरू होण्यापूर्वी जे एक पोकळ वाक्य येऊन बसते, त्याच्याविषयी मी लिहीत आहे.

कुशल विचारण्याची चाल जुनी आहे आणि एके काळी ती अत्यंत सार्थ होती. जुन्या मराठी पत्रांत ‘येथील क्षेम जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे’ अशा आशयाचा मजकूर ठरून असे. त्यात दोन कामे होती. येथील क्षेम आहे ही एक बातमी दिली जाई. आणि तुमचेही लिहा ही एक मागणी केली जाई. पत्र जासुदाच्या हातून कित्येक दिवसांनी पोहोचणार, मध्ये नद्या, पावसाळा, साथी आणि स्वाऱ्या. अशा काळात लिहिणारा जिवंत आणि धडधाकट आहे हीच मोठी वार्ता होती. मारवाडी-गुजराती पेढ्यांच्या जुन्या पत्रव्यवहारातही आरंभी अमुक गावी अमुक शेठजींस, अमुक गावाहून अमुक लिहितो, असे सविस्तर येत असे. छापील कागद नव्हता, त्यामुळे आज जे काम कागदाच्या माथ्यावरील नाव-पत्ता करतो ते हा आरंभ करीत असे. मग ‘अपरंच’ हा शब्द येई आणि तेथून व्यवहार सुरू होई. मराठी पत्रात हेच काम ‘विशेष’ या शब्दाकडे होते.

या ‘विशेष’ची पुढची गोष्ट मौजेची आहे. पत्रे वाढली, टपाल सुरळीत झाले आणि कुशलाचा मजकूर केवळ रिवाज उरला. तेव्हा आपल्या वाडवडिलांनी काय केले? त्यांनी तो आखडून टाकला. ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ याचे ‘सा. न. वि. वि.’ झाले. वाचणाऱ्याची नजर या चार अक्षरांवरून क्षणात पुढे सरके आणि मजकुरावर जाई. रोमन लोकांनीही हेच केले होते. ‘तुम्ही कुशल असाल तर उत्तम, मी कुशल आहे’ हे त्यांचे ठरावीक आरंभवाक्य पुढे केवळ सहा आद्याक्षरांत लिहिले जाऊ लागले. सेनेका या विचारवंताने आपल्या मित्राला लिहिलेल्या एका पत्रात, ही जुन्या लोकांची रीत होती, असा तिचा उल्लेख केला आहे. जे वाक्य रिकामे झाले त्याला कमीत कमी जागा द्यावी, इतका व्यवहार दोन्हीकडे पाळला गेला.

हिंदुस्थानात १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड आले तेव्हा जागाच बेताची झाली. तारेत तर शब्दागणिक पैसे पडत. २०१३ साली तारसेवा बंद झाली तोपर्यंत कोणत्याही व्यापाऱ्याने ‘आपण सुखरूप असाल अशी आशा आहे’ असे तारेत लिहून पैसे घालविले नसतील. ई-मेलला शब्दागणिक दाम नाही, म्हणून हे वाक्य परत आले. आणि आखडून नव्हे, चांगले ऐसपैस होऊन आले. त्यातली ‘तुमचे कुशल लिहा’ ही मागणी मात्र वाटेत गळून पडली. आज उरली आहे ती नुसती आशा. आशा हा प्रश्न नव्हे. तिला उत्तर लागत नाही.

ई-मेलला दाम नाही असे वर म्हटले खरे, परंतु ते पूर्ण सत्य नाही. समोरच्या माणसाची मेल-पेटी आठवून पाहावी. तेथे प्रत्येक पत्राची एक ओळ दिसते. प्रथम पाठविणाऱ्याचे नाव, मग विषय, आणि त्याला लागून मजकुराचे पहिले काही शब्द. मोबाइलवर तर हे शब्द जेमतेम एखादी ओळ भरतील इतकेच. पत्र आता उघडावे, दुपारी उघडावे की राहू द्यावे, याचा निर्णय वाचणारा या एका ओळीवर करतो. म्हणजे पत्रातील सर्वांत मोलाची जागा ही पहिल्या वाक्याची आहे. रस्त्यावरच्या दुकानाला दर्शनी फळी असते, तशी ती. तेथे आपण काय मांडतो? शेजारच्या सत्तर दुकानांनी मांडलेलीच वस्तू. ज्यांना पटत नसेल त्यांनी आपलेच एक पत्र स्वतःच्या दुसऱ्या पत्त्यावर पाठवून मोबाइलवर न उघडता पाहावे. विषयाच्या जागी ‘पेमेंट’ आणि त्याच्या खाली ‘डियर सर, आय होप धिस ईमेल फाइंड्स…’ एवढेच दिसेल. कोणाचे पेमेंट, किती, कधीचे, काहीच नाही.

आता एक उदाहरण कल्पून ते नीट सोडवू. सांगलीची एक हळदीची पेढी. तिने पुण्याच्या एका मसाला कारखान्याला ३५ क्विंटल हळकुंडे, म्हणजे पन्नास किलोंची ७० पोती, क्विंटलला १३,९०० रुपये या दराने दिली. मालाची रक्कम झाली ४,८६,५०० रुपये. समजण्यास सोपे जावे म्हणून कर बाजूला ठेवू. बिलाचा क्रमांक २१४, तारीख ३ जून, मुदत तीस दिवसांची. ३ जुलै उलटून गेला, रक्कम आली नाही. ११ जुलैला पेढीवरच्या तरुणाने पत्र लिहिले. विषय : पेमेंट. मजकुराचा मराठी भावार्थ असा : ‘हे पत्र आपणांस सुखरूप गाठेल अशी आशा आहे. आम्ही आपल्याशी असलेल्या व्यापारी संबंधांची कदर करतो. आपल्या कृपापूर्ण निदर्शनास आणू इच्छितो की, आपल्याकडून काही रक्कम येणे बाकी आहे. कृपया लवकरात लवकर पाठवावी.’

या पत्रात असभ्य असे काही नाही. आणि उपयोगाचेही काही नाही. कारखान्याच्या हिशेब विभागात बसलेल्या माणसाकडे दिवसाला अशी कितीतरी पत्रे येतात. त्याला बिलाचा क्रमांक हवा, तो नाही. रक्कम हवी, ती नाही. ती शोधण्यासाठी त्याला आपला खातेउतारा उघडावा लागेल, म्हणून तो हे पत्र ‘नंतर’ या ढिगात टाकतो. आणखी एक सूक्ष्म गोष्ट घडते. प्रकृतीची विचारपूस आणि पैशाची मागणी एकाच श्वासात आल्यामुळे विचारपूस ही मागणीची प्रस्तावना वाटू लागते. रोज असे वाचून वाचून त्याला ‘सुखरूप’ हा शब्द दिसला की पुढे तगादा आहे हे कळते. सद्भावनेचा शब्द तगाद्याची घंटा व्हावा, यापरते त्या शब्दाचे दुर्दैव कोणते?

हेच पत्र आता फिरवून लिहू. विषय : ‘बिल क्र. २१४, ४,८६,५०० रुपये, मुदत ३ जुलै.’ मायना जो असेल तो, पण थोडका. त्यानंतर पहिले वाक्य : ‘३ जूनच्या बिल क्र. २१४ ची ४,८६,५०० रुपये ही रक्कम ३ जुलैला येणे होती. आज सकाळपर्यंत ती आमच्या खात्यात जमा दिसत नाही.’ दुसरे वाक्य : ‘बिलात किंवा वजनात काही अडले असल्यास कळवावे, आजच दुरुस्ती करून पाठवितो, अडचण नसल्यास रक्कम कोणत्या तारखेला निघेल तेवढे कळवावे.’ एवढे पुरे आहे. बिलाची प्रत सोबत जोडावी म्हणजे त्याला शोधावे लागणार नाही.

पहिल्या वाक्यात ‘जमा दिसत नाही’ असे लिहिले, ‘आपण पाठविली नाही’ असे लिहिले नाही. त्याने काल रात्री पाठविली असेल आणि बँकेत नोंद व्हावयाची असेल, तर आपला शब्द खोटा पडत नाही आणि त्याच्यावर आरोपही होत नाही. दुसऱ्या वाक्यातील ‘अडले असल्यास’ हे नुसते सौजन्य नाही. मोठ्या कारखान्यांकडून येणे थकते ते अनेकदा पैसे नसल्यामुळे नव्हे, तर कागद अडल्यामुळे. बिलावर खरेदी-आदेशाचा क्रमांक घालावयाचा राहिलेला असतो. त्यांच्या काट्यावर वजन आपल्यापेक्षा दहा-बारा किलो कमी भरलेले असते आणि ते त्यांनी कळविलेले नसते. अथवा आपण जीएसटीचे विवरण उशिरा भरल्यामुळे त्यांच्या ‘जीएसटीआर-२बी’ या उताऱ्यात आपले बिल उमटलेले नसते आणि कराची वजावट मिळेपर्यंत ते रक्कम रोखतात. असे असता आपण ‘कृपया लवकर पाठवावी’ असे दहा वेळा लिहिले तरी कागद जागचा हलत नाही. ‘काय अडले’ हे विचारणारे वाक्य मात्र त्या माणसाला बोलते करते. हे वाक्य उत्तर मागते. जुन्या पत्रातील ‘स्वकीय कुशल लिहीत जावे’ या मागणीचा हा खरा वारसदार आहे, असे मला वाटते.

येथे काही वडीलधारी मंडळी विचारतील, की इतके कोरडे लिहावे काय? तीस वर्षांचे संबंध, त्यांच्या घरच्या कार्यांना आपण गेलेलो. शंका रास्त आहे. त्या शेठजींच्या मातोश्री आजारी आहेत हे आपणांस ठाऊक असेल, तर जरूर विचारावे; पण वसुलीच्या पत्रात विचारू नये. त्यासाठी फोन करावा, किंवा दोन ओळींचे वेगळे पत्र लिहावे आणि त्यात बिलाचा उल्लेखही करू नये. हिशेबाचे पत्र बहुधा मुनीम किंवा कारकून वाचतो. मातोश्रींच्या प्रकृतीचा प्रश्न त्याच्या टेबलावर जाण्याचे कारण नाही. दोन कामे असतील तर पत्रेही दोन असावीत. त्यात दोन्ही कामांचा मान राहतो.

दुसरा प्रसंग अधिक नाजूक आहे, आणि त्यात पहिल्या वाक्याची किंमत रुपयांत मोजता येते. हीच पेढी हॅम्बुर्गच्या एका खरेदीदाराला हळद पाठविते आहे. माल न्हावा शेवा बंदरावर गेला आहे, ८ ऑगस्टची बोट ठरलेली आहे. ६ तारखेला बोटकंपनी कळविते की जागा भरली, हा कंटेनर आता १५ तारखेच्या बोटीवर चढेल. रक्कम बँकेच्या पतपत्रावर, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिटवर, मिळावयाची आहे. आणि त्या पतपत्रात माल चढविण्याची शेवटची तारीख १० ऑगस्ट अशी लिहिलेली आहे. जाणत्या वाचकांच्या लक्षात पेच आला असेल. १५ तारखेचा बोटीचा कागद घेऊन आपण बँकेत गेलो, तर कागद पतपत्राशी जुळत नाहीत म्हणून बँक ते नाकारू शकते. मग माल समुद्रावर आणि आपली रक्कम खरेदीदाराच्या मर्जीवर. त्याने अर्ज करून बँकेकडून तारीख वाढवून घेतली पाहिजे आणि त्याला काही दिवस लागतात.

अशा वेळी हात आपोआप गोड वाक्याकडे जातो. वाईट बातमी सांगावयाची म्हणून आपण आधी प्रकृती विचारतो, मग आभार मानतो, मग हवामानाबद्दल आणि बंदरातील गर्दीबद्दल लिहितो, आणि चौथ्या परिच्छेदात तारीख सांगतो. पतपत्राची विनंती तर शेवटी, ‘तसेच’ या शब्दाच्या शेपटाला बांधलेली. खरेदीदाराने मोबाइलवर पहिली ओळ पाहिली, सर्व क्षेम आहे असे समजून पत्र सोमवारवर ढकलले, तर दोष कोणाचा?

येथे पहिले वाक्य असे असावे : ‘८ ऑगस्टच्या बोटीवर आपला कंटेनर चढू शकत नाही, तो १५ ऑगस्टच्या बोटीने निघेल आणि आपल्याकडे सुमारे एक आठवडा उशिरा पोहोचेल.’ लगेच दुसरे : ‘पतपत्रात माल चढविण्याची शेवटची तारीख १० ऑगस्ट आहे, ती २५ ऑगस्टपर्यंत वाढवून घेण्याचा अर्ज आपण उद्याच बँकेकडे द्यावा, ही विनंती.’ कारण त्यानंतर. दिलगिरी कारणासोबत, एकदाच, आणि मनापासून. बोटकंपनीचे पत्र सोबत जोडावे. विषयाच्या ओळीत ‘नवी तारीख १५ ऑगस्ट, पतपत्रात बदल हवा’ असे यावे. २५ तारीख मागितली, १५ नव्हे, हेही मुद्दाम. दुसऱ्या खेपेस पुन्हा जागा हुकली तर पुन्हा तेच पत्र लिहावे लागू नये.

वाईट बातमी प्रथम सांगण्यात कठोरपणा नाही. हॅम्बुर्गच्या माणसाला आपल्या गिऱ्हाइकांना कळवावयाचे आहे, गोदामातील शिल्लक पाहावयाची आहे, बँकेत माणूस पाठवावयाचा आहे. त्याचा वेळ त्याच्या हाती लवकर देणे हीच त्या घटकेची आपुलकी आहे.

तिसरा प्रसंग नव्या, अनोळखी खरेदीदाराला पहिल्यांदा लिहिण्याचा. येथे लोक रिकामे वाक्य टाळतात खरे, पण त्याच्या जागी दुसरे तितकेच रिकामे आणतात : ‘आपल्या नामांकित संस्थेविषयी अत्यंत आदराने वाचले.’ वाचलेले नसते, हे दोघांनाही ठाऊक असते. त्यापेक्षा ‘सुखरूप’ बरे, ते निदान असत्य तरी नव्हते. खरा आरंभ करावयाचा तर लिहिण्यापूर्वी पाच मिनिटे शोध घ्यावा लागतो. तो कोणता माल घेतो, कोणत्या स्वरूपात घेतो, आपली-त्याची ओळख कोणामुळे होऊ शकते. मग लिहिता येते : ‘आपण मसाल्यासाठी दळलेली हळद विकता असे आपल्या पाकिटांवरून दिसले, आम्ही सांगलीहून राजापुरी हळकुंडे देतो, या हंगामातील मालाचा अर्धा किलोचा नमुना आणि कुर्क्युमिनच्या तपासणीचा अहवाल पाठवू इच्छितो.’ अशा वाक्यात त्याची एक खरी गोष्ट आहे, आपली एक खरी गोष्ट आहे आणि त्याला ‘पाठवा’ किंवा ‘नको’ एवढेच म्हणावयाचे आहे. एखाद्या परिचिताने नाव सुचविले असेल तर त्या नावाने आरंभ करावा. त्याला मात्र आधी विचारून ठेवावे.

आपले पहिले वाक्य पोकळ आहे की भरीव, हे ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. ते वाक्य जसेच्या तसे उचलून दुसऱ्या माणसाला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रावर ठेवून पाहावे. तेथेही ते चपखल बसले तर ते या पत्राचे नव्हेच. ‘बिल क्र. २१४’ दुसरीकडे बसणार नाही. ‘आशा आहे की आपण सुखरूप असाल’ हे जगातील कोणत्याही पत्रावर बसते. ज्यांना नव्याने सुचत नाही त्यांनी पत्र नेहमीसारखेच लिहावे आणि पाठविण्यापूर्वी पहिले वाक्य बोटाने झाकून दुसऱ्यापासून वाचावे. बहुतेक वेळा दुसरे किंवा तिसरे वाक्य हाच खरा आरंभ असतो. वरचे पुसले की झाले. काही कार्यालयांत हे वाक्य कोऱ्या पत्राच्या ठरावीक नमुन्यातच साठविलेले असते. तेथे पेढीवरील मुलांना उपदेश करण्यापेक्षा तो नमुना बदलावा.

याचा अर्थ कुशल कधीच विचारू नये असा नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा बाहेरगावच्या व्यापाऱ्यांनी इकडे पत्रे लिहिली असतील. त्यांतील एकाने लिहिले, ‘आपण सुखरूप असाल अशी आशा आहे’, आणि दुसऱ्याने लिहिले, ‘आपले गोदाम गणपती पेठेत आहे, पाणी तेथवर आले काय? माल हलविता आला काय? आमच्या पुढच्या मालाची काळजी करू नये, पंधरा दिवस उशीर चालेल.’ दोघांच्या मनातील काळजी कदाचित सारखीच असेल. पण दुसऱ्याने आपले गोदाम डोळ्यांपुढे आणले, उत्तर देता येतील असे प्रश्न विचारले, आणि स्वतःच्या हाती असलेली एक सवलत देऊ केली. २०२० च्या टाळेबंदीत ‘आपण सुरक्षित असाल’ या वाक्यातही आरंभी प्राण आला होता. तेव्हा ते खरोखर विचारले जाई आणि लोक उत्तरही देत. पुढे तेही प्रत्येक पत्राच्या माथ्यावर बसले आणि पुन्हा झिजले. झीज शब्दांमुळे होत नाही, विचारणाऱ्याने उत्तराची वाट पाहणे सोडले की होते.

एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे, नाहीतर परदेशी व्यापार करणाऱ्या कुटुंबांची अडचण होईल. वर सांगितलेला रोखठोकपणा जर्मनी, नेदरलँड्स येथे निःसंकोच चालतो. आखाती देशांत तसे नाही; तेथे सलाम आणि विचारपूस न करता थेट भावावर येणे उद्धटपणाचे वाटू शकते. जपानमध्ये तर औपचारिक पत्राचा आरंभ ठरलेला आहे. प्रथम ‘हाइकेइ’ हा आदराचा शब्द, मग ऋतूविषयी एखादे वाक्य, मग मजकूर. रोजच्या व्यापारी ई-मेलमध्येही ‘आपला लोभ नेहमीच लाभतो’ अशा अर्थाचे एक वाक्य येतेच. कोबे शहरात आपल्या समाजातील मोत्यांच्या व्यापाऱ्यांची वस्ती आहे, तेथे जिनमंदिरही आहे. त्यांना हे सांगावयास नको. अशा ठिकाणी ते वाक्य काढू नये. तेथे तो मायन्याचाच भाग आहे आणि तो नसणे हेच डोळ्यांत भरते. समोरचा कोणत्या रीतीने आरंभ करतो ते त्याच्या दोन-तीन पत्रांवरून पाहावे आणि त्या रीतीला धरून राहावे. त्यानंतरचे वाक्य मात्र कामाचे असावे, आणि जे मेल-पेटीत प्रथम दिसावे असे वाटते ते विषयाच्या ओळीत न्यावे.

एकाच दिवसात तिसऱ्यांदा उत्तर-प्रत्युत्तर चालू असेल तर आरंभाची गरजच नाही. ‘नमुना मिळाला, ओलावा ठीक आहे, ५० पोती पाठवावीत’ एवढे लिहून थांबावे. जपानी लोकांनी याचीही सोय ठेवली आहे. घाईच्या पत्रात ते ‘झेनऱ्याकु’ असा एक शब्द लिहितात. आरंभीचे उपचार वगळले आहेत, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे ‘वि. वि.’ होतेच.